आत ढकललेली पाचवी खुंटी

बाबा गेल्यावर घरी येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होता. सर कधी चुकले नाहीत. फळ्यावर लिहिलेलं पुसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. नागभीडहून आलेले त्यांचे एक जुने विद्यार्थी, आता स्वतः मुख्याध्यापक, माझ्यासमोर डोळे पुसत म्हणाले की, सरांचा छडीवर कधी विश्वास नव्हता, गणितावर होता. छडीबद्दल ते खोटं बोलत होते, पण ते मी मनावर घेतलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल लोक थोडं खोटं बोलतातच. गणिताबद्दल मात्र ते मनापासून बोलत होते, आणि तेच मला ऐकवत नव्हतं.

बाबा एकदा चुकले होते. मी तिथे होते. मी हे सावकाश लिहिते आहे, कारण मला यात कुठेही स्वतःला सवलत द्यायची नाही.

बाबा आमच्या गावातल्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी त्यांच्याच वर्गात होते. घरी ते बाबा, शाळेत सर. शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर मी त्यांना चुकून बाबा म्हटलं तर ते उत्तर देत नसत. गाव धानाचं. शाळेच्या मागे बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची खाचरं, आणि त्यांच्यापलीकडे जंगल. लांबच्या गावच्या मुली शाळेच्या वसतिगृहात राहायच्या. त्यांतली एक माझ्याच बाकावर बसायची. तिच्या घरची दोन बांध्यांची शेती होती, आणि धान कापून झालं की आईवडील दुसऱ्यांच्या कामाला जायचे. ती फार बोलत नसे. मीही नाही. त्यामुळे आमचं जमायचं.

दहावीनंतर चंद्रपूरच्या एका निवासी वर्गासाठी आमच्या शाळेकडून दरवर्षी एका मुलीचं नाव जायचं. राहणं, जेवण, अकरावी-बारावीचं विज्ञान, सगळं तिथेच. नाव ठरायचं दहावीच्या वर्षात बाबांच्या चाचणीवर. त्या वर्षी आम्ही दोघी होतो. लेखी चाचणीत दोघींना सारखे गुण पडले. माझं नाव गेलं नसतं तर मी ब्रह्मपुरीला मामांकडे राहून शिकले असते, ते घरात ठरलेलंच होतं. तिचं नाव गेलं नसतं तर दहावीचा निकाल लागला की तिचं लग्न होणार होतं. मुलगा पाहून ठेवला होता. ही गोष्ट वसतिगृहात सगळ्यांना माहीत होती, बाबांनाही होती.

मुलगी स्वतःचीच असल्यामुळे बाबांना लोकांच्या बोलण्याची भीती वाटत होती. म्हणून त्यांनी ठरवलं, शेवटचा प्रश्न उघड्यावर विचारायचा, साऱ्या वर्गासमोर.

उघड्यावरच्या भूमितीची बाबांची रीत जुनी होती. मैदानात खुंट्या ठोकायच्या, त्यांना सुतळी बांधायची, सुतळीखाली चुन्याची रेघ ओढायची, आणि फळ्यासाठीचा मोठा लाकडी कोनमापक जमिनीवर ठेवून कोन वाचायचे. बहुभुज असा पायांनी चालता आला पाहिजे, असं ते म्हणत. षट्कोनाच्या सहा खुंट्यांवर सहा मुली उभ्या करायचे. प्रत्येकीने स्वतःला आणि दोन्ही शेजारणींना सोडून बाकीच्यांकडे सुतळी द्यायची. शेजारणीकडे जाते ती बाजू, बाकीच्यांकडे जातो तो कर्ण. प्रत्येकीच्या हातात तीन टोकं यायची. सहा त्रिक अठरा टोकं, पण एका सुतळीला टोकं दोन, म्हणून कर्ण नऊ. मग फळ्यावर तेच कितीही बाजूंसाठी. शिरोबिंदू n असतील तर एकेकापासून n − ३ कर्ण, सगळे मिळून n(n − ३), आणि प्रत्येक कर्ण दोनदा मोजला गेला म्हणून त्याचं अर्धं.

कोनांचंही तसंच. एका खुंटीवरून निघणारे सगळे कर्ण ओढले की आकृतीचे n − २ त्रिकोण पडतात. एका त्रिकोणाचे कोन मिळून १८० अंश, म्हणून बहुभुजाच्या आंतरकोनांची बेरीज (n − २) × १८०. पंचकोनाला ५४०, षट्कोनाला ७२०. हे सांगताना बाबा खरंच सुंदर दिसायचे. ते मला आजही नाकारता येत नाही.

पण तिची रीत वेगळी होती. अभ्यासाच्या तासाला तिने मला ती वहीच्या मागच्या पानावर दाखवली होती. ती सुरुवात त्रिकोणापासून करायची आणि एकेक कोपरा वाढवत न्यायची. बांधीच्या एका बांधाला बाहेर कोपरा काढला, तर शेतात एक त्रिकोण वाढला. त्याचे दोन कोन जुन्या कोपऱ्यांत मिसळले, तिसरा नवीन कोपऱ्याचा. म्हणजे १८० वाढले. त्रिकोणाचे १८०, आणि n कोपऱ्यांपर्यंत जायला n − ३ वेळा १८०. एकूण n − २ वेळा. कर्णांचंही ती असंच करायची. नवा कोपरा दोन शेजारी सोडून जुन्या सगळ्यांना जोडायचा, आणि त्या दोन शेजाऱ्यांमधला जो जुना बांध होता, तो आता बाजू राहिला नाही, कर्ण झाला. त्रिकोणाला शून्य, मग दोन वाढले, मग तीन, मग चार, मग पाच. शून्य, दोन, पाच, नऊ, चौदा.

मी तिला म्हटलं होतं की, सरांची रीत लहान आहे. ती म्हणाली, "लहान हाये, पण त्यात एक खुंटी मोठी आन बाकीच्या तिच्या नोकर. माह्या रीतीत समद्या सारख्या."

चाचणीच्या दिवशी दुपारी वर्ग मैदानात गोल करून बसला. बाबांनी चार खुंट्यांचा आयत केला, लांबट, शाळेकडून जंगलाकडे. मग जंगलाकडची बाजू सोडवली, तिच्या मधोमध पाचवी खुंटी घेतली आणि ती आत, आयतामध्ये ठोकली. सुतळी पुन्हा ताणली. एका बाजूला खळगा पडलेला पंचकोन तयार झाला. चुना ओढला. मग त्यांनी विचारलं, आंतरकोनांची बेरीज किती, कर्ण किती, आणि नियम लागू होतो की नाही.

मला आज समजतं की, त्यांना तो प्रश्न अवघड वाटत होता आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार होतं. खळगा असलेल्या आकृतीला नियम लागत नाही, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. एका खुंटीवरून कर्ण ओढले की एखादा बाहेर जातो, त्रिकोण पडत नाहीत, म्हणून नियम संपला. हे त्यांनी कधी मोजून पाहिलं नव्हतं.

आधी तिची पाळी. ती सुतळीच्या कडेने एकदा चालली. मग म्हणाली, कर्ण पाच, त्यातला एक शेताबाहेरून, खळग्यावरून जातो. बेरीज पाचशे चाळीस. नियम लागतो.

बाबा हसले. ते असे हसले की वर्गाला काय करायचं ते समजलं. त्यांनी तिला कसं ते सांगायला सांगितलं. ती म्हणाली, आधी चार खुंट्यांचं शेत होतं, तीनशे साठ. मग एका बांधाला बोडीने आत खाल्लं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, धानाला पाणी देणारं. बोडीचा त्रिकोण शेतातून गेला. त्याच्या दोन टोकांचे कोन शेताने गमावले. पण आतल्या खुंटीवर शेत बोडीला वळसा घालून जातं, तिथे पूर्ण तीनशे साठातून बोडीचा कोन वजा करून जेवढं उरतं, तेवढं शेताला मिळालं.

"तीनशे साठ मिळाले, आन बोडीचे तिन्ही कोन गेले. तिन्हीचे एकशे ऐंशी. म्हणून एकशे ऐंशी वाढले, सर. कोपरा बाहेर काढा का आत ढकला, वाढतात तेवढेच."

मी पंधरा वर्षांची होते आणि मला ते समजलं. पुरतं समजलं. अंगावर काटा आला इतकं.

बाबांना ते समजलं नाही. किंवा त्यांनी ऐकलंच नाही, त्यांनी बोडी हा शब्द ऐकला. ते वर्गाकडे वळून म्हणाले, "बेडकाची भूमिती शिकून आली ही." मुलं खदखदली. मग त्यांनी खळग्याच्या एका टोकाच्या खुंटीवर उभं राहून कर्णाची सुतळी समोरच्या टोकाला नेली. ती बाहेरून गेली. "त्रिकोण कुठी पडले, दाखव." तिने आतल्या खुंटीकडे बोट दाखवलं. तिथून कर्ण ओढले तर तीन त्रिकोण पडतात, सगळे आत. बाबा तिकडे गेले नाहीत. त्यांनी कोनमापक मागवला.

शाळेकडच्या दोन खुंट्यांवर नव्वद आणि नव्वद. खळग्याच्या दोन टोकांवर पंचावन्न आणि पंचावन्न. ते वाचत होते, एक मुलगा बाहेर आणलेल्या फळ्यावर लिहीत होता. मग ते आतल्या खुंटीशी बसले. लाकडी कोनमापक अर्धगोल, एकशे ऐंशीच्या पुढे तो वाचतच नाही. त्यांनी तो खळग्यात ठेवला. शेताच्या बाहेर, बोडीच्या बाजूला. आणि वाचलं, एकशे दहा.

शेताच्या आतला कोन तीनशे साठातून एकशे दहा गेल्यावर उरलेला, दोनशे पन्नास. तो प्रविशाल कोन, बाबांनीच आम्हाला आठवीत शिकवलेला. दोनशे पन्नास धरले की पाचशे चाळीस होतात. त्यांनी एकशे दहा धरले आणि फळ्यावर चारशे आले.

"चारशे," बाबा म्हणाले. "कुठी हायेत तुहे पाचशे चाळीस? बोडीत बुडाले?"

ती म्हणाली, "सर, तुम्ही भायेरचा कोन मोजला."

आमच्या शाळेत कुणी असं बोलत नसे. बाबांचा चेहरा बदलला नाही, तो फक्त घट्ट झाला. ते माझ्याकडे वळले, मला आडनावाने हाक मारली आणि म्हणाले, आता तू सांग. बेरीज किती, नियम लागतो का.

मी आतली खुंटी पाहिली. कोनमापक अजून खळग्यात पडलेला होता. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत काळजी नव्हती. तिला खात्री होती की मी तेच सांगणार.

मी म्हटलं, "चारशे, सर. खळगा असेल तर नियम लागत नाही."

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी तिला त्या चुन्याच्या रेघेवरून चालायला लावलं, एका खुंटीपासून परत त्याच खुंटीपर्यंत, पाच फेऱ्या, आणि प्रत्येक खुंटीवर थांबून "माझं चुकलं" म्हणायचं. पंचवीस वेळा. वर्ग मोठ्याने मोजत होता. सुरुवातीला मी मोजत नव्हते. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही मोजायला लागले.

त्या दिवसापासून वर्षाअखेरपर्यंत ती वर्गात बेडकी होती. तिची वही कुणी उघडली की मुलं डरांव करत. ती माझ्या बाकावरून उठून मागे गेली. मला वाटलं ती भांडेल, निदान विचारेल. ती काही बोलली नाही. माझं नाव चंद्रपूरला गेलं. दहावीचा निकाल लागल्यावर महिन्याभरात तिचं लग्न गडचिरोलीच्या बाजूला झालं. गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते.

मी विज्ञान शिकले, मग गणित, आणि आता कनिष्ठ महाविद्यालयात तेच शिकवते. मी चांगली शिकवते असं म्हणतात.

गेल्या वर्षी बाबांना आजाराने खाटेवर टाकलं. मी सुट्टी काढून आले. एका दुपारी मी पेपर तपासत त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी ती मुलगी कुठे असते ते विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. मग त्यांनी सांगितलं की, त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ते मैदानात परत गेले होते. चुन्याच्या रेघा तशाच होत्या. त्यांनी आतून मोजलं, आधी एकशे ऐंशी, मग उरलेले सत्तर. दोनशे पन्नास. दोनदा मोजलं. मग चपलेने चुना पुसून टाकला.

मी विचारलं, दुसऱ्या दिवशी वर्गात का नाही सांगितलं. नाव अजून गेलं नव्हतं.

"सांगतलं असतं त मंग दर वर्षी एकेक पोट्टं मले मोजाले लावलं असतं," ते म्हणाले. "शिकवणं होते का मंग?"

हे त्यांनी दुःखाने सांगितलं नाही. एखादा हिशेब जुळवून दाखवावा तसं सांगितलं. पुढच्या वर्षापासून त्यांनी खळग्याची आकृती मैदानात घेतली नाही, एवढंच. मी पेपर खाली ठेवले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हातात काही वजन राहिलं नव्हतं.

"तुले त तिथीच समजलं होतं," ते म्हणाले. "तुहा चेहरा पाहून राह्यलो होतो मी. तरी बापाले खाली पडू नाई देलं तू. चांगलं केलं."

आयुष्यात त्यांनी माझं इतकं सरळ कौतुक कधीच केलं नव्हतं. मला ते आवडलं. एक क्षण, पण आवडलं. नंतर मी न्हाणीघरात जाऊन पाणी सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ते झोपले होते. मी त्यांच्या तोंडावरची माशी हाकलली आणि पेपर पुन्हा हातात घेतले.

ते गेल्यावर मी रडले. हे सांगायला हवं. त्यांच्यावर राग होता म्हणून दुःख कमी झालं नाही, दोन्ही आपापल्या जागी राहिलं.

तेरवीच्या दिवशी ती आली. मी तिला आधी ओळखलं नाही. ती आता तिच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे, असं तिने आईला सांगितलं. दोन बस बदलून आली होती. जेवली, फोटोला हात जोडले, आणि मागच्या अंगणात भांड्यांजवळ मी एकटी असताना माझ्यापाशी येऊन बसली. बराच वेळ इकडचंतिकडचं बोललो. तिची थोरली आठवीत आहे. तिला गणित येतं का, मी विचारलं. येते, ती म्हणाली, पण मी तिले सांगतो, वर्गात जास्त बोलू नोको.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, त्या दिवशी तू बरोबर होतीस. बाबांनी बाहेरचा कोन मोजला होता. बेरीज पाचशे चाळीसच येते.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "म्या तवाच सांगतलं होतं ना."

तिने एक ताट उचललं, त्यातलं खरकटं बोटाने कडेला केलं आणि ते पुन्हा खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "एक विचारू का? तू चारशे सांगतले, तवा तुले खरंच चारशे वाटले होते?"

सतरा वर्षं ती या एका प्रश्नाशी राहिली होती, ते तिच्या आवाजावरून समजत होतं. घरात भजन चाललं होतं. आई दारातून मला हाक मारत होती. मी ठरवलं नव्हतं. मैदानातही ठरवलं नव्हतं.

मी म्हटलं, "हो. मला चारशेच वाटले. मी कॉलेजात गेल्यावर समजलं."

तिने मान खाली घातली. तिचे खांदे सैल झाले. मग ती म्हणाली की, इतकी वर्षं ती मला मनातल्या मनात वाईट म्हणत आली. सासरी काही झालं, मारहाण झाली, पहिलं लेकरू गेलं, की तिला सरांच्या आधी मी आठवायचे. सर त मोठे होते, चुकले. पण हिले समजलं होतं आन ही बोलली नाई, असं तिला वाटायचं. आज ती तेच विचारायला आली होती.

"तुहं काहीच नोहतं," ती म्हणाली. "उगाच शिव्याशाप देल्ले म्या तुले. माफ कर, माय."

तिचे डोळे भरून आले होते. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि उत्तराची वाट पाहत राहिली.

"असू दे," मी म्हटलं, आणि तिला माफ केलं.